हॉलमध्ये कन्सोल लावायचाय आणि घरात लहान मुलं आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं पुण्यातलं दोन बेडरूमचं घर, हॉल साधारण दहा बाय पंधरा फूट, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी आता दोनची. गेमिंग कन्सोल म्हणजे पीएस ५ स्लिम, आणि नंतर एक निन्टेन्डो स्विच आला. ओळखीतले बरेच जण घर लावताना फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, की दिसणारी प्रत्येक वायर कधीतरी ओढली जाणारच असं धरून चालायचं आणि ती ओढल्यावर वरून काय खाली येईल ते आधी बघायचं. कुठल्या वयाला कुठले गेम आणि किती वेळ हा वेगळा विषय आहे, तो इथे नाहीये.

सुरुवात कुठून करू? आधी टीव्ही युनिट बनवू की आधी कन्सोल घेऊ?

आधी जमिनीवर बसा. खरंच. टीव्हीच्या भिंतीसमोर मूल जिथे असतं तिथे गुडघ्यावर बसून बघा, कारण उभं राहून जे दिसत नाही ते तिथून सगळं दिसतं, युनिटच्या मागून लोंबणारी वायर, एक्सटेन्शन बोर्डचा लाल दिवा, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर.

मला हे कळलं ते असं. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. कन्सोल टीव्ही युनिटवर उभा ठेवलेला, युनिटची उंची जेमतेम दीड फूट, आणि कंट्रोलर रात्री चार्जिंगला लावून खाली गालिच्यावर ठेवलेला. पीएस ५ रेस्ट मोडमध्ये कंट्रोलर चार्ज होत असला की त्याची पट्टी नारिंगी रंगात हळूहळू पेटते विझते, ती सकाळी उठून रांगत सरळ त्या दिव्याकडे गेली, वायर मुठीत धरली आणि मागे बसली. दीड वर्षाच्या मुलाचं नुसतं मागे बसणं हीच केवढी ओढ असते. कन्सोल पुढे झुकला, मी बाजूलाच चहा घेऊन बसलो होतो म्हणून हात पोचला. स्लिमचं डिस्कवालं मॉडेल ३.२ किलोचं आहे, पहिलं जाडं मॉडेल ४.५ किलोचं, म्हणजे हे डोक्यावर पडण्याचं वजन नाही.

त्या दिवशी दोन नियम ठरले. चार्जिंगची वायर कन्सोलपासून जमिनीपर्यंत कधीच येणार नाही, आणि कन्सोल कधीच उभा राहणार नाही.

पण उभा ठेवला की जागा कमी लागते ना? आडवा ठेवला तर काही बिघडत नाही ना?

आडवा ठेवल्याने काही बिघडत नाही, तो दोन्ही प्रकारे ठेवण्यासाठीच बनवलाय. स्लिमबरोबर आडव्यासाठी प्लास्टिकचे दोन छोटे पाय येतात ते विसरू नका, बॉक्समध्ये राहून जातात. उभ्यासाठीचा स्टँड स्लिमबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि बरेच लोक तो न घेताच तसाच उभा करतात जे लहान मुलांच्या घरात अजिबात करू नये. उभा कन्सोल ३६ सेंटीमीटर उंच आणि जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर रुंद, म्हणजे पुस्तक उभं केल्यासारखा. एक्सबॉक्स सीरीज एस लहान आणि हलका आहे, दोन किलोच्या आतबाहेर, तो आडवा ठेवला की बऱ्यापैकी स्थिर बसतो.

आडवं ठेवण्याचा एक तोटा मात्र खरा आहे. डिस्कची फट आडवी होते, आणि आडवी फट म्हणजे मुलांना पिगी बँक. नाणं, कार्डबोर्डचा तुकडा, बिस्किट, काहीही आत जातं. त्यामुळे आडवा ठेवायचा तर हाताच्या टप्प्याबाहेरच ठेवायचा. एवढी उंची मिळणारच नसेल तर डिस्क नसलेलं डिजिटल मॉडेल घ्या, फटच नाही.

हाताच्या टप्प्याबाहेर म्हणजे नक्की किती उंच?

दोन वर्षांचं मूल साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर उंच असतं आणि हात वर करून चवड्यांवर उभं राहिलं की मीटरभर पोचतं. इथपर्यंत सगळे मोजतात. पण ते सोफ्यावर चढतं हे मोजत नाहीत. सोफ्याची बैठक दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर, ते यात मिळवा, झाले १४५. म्हणून आमचा कन्सोल दीड मीटरवर आहे आणि त्याच्या खाली व बाजूला दोन फुटांत चढण्यासारखं काही नाही, स्टूल नाही, मोडा नाही, खेळण्यांचा डबाही नाही.

दोन फूट उंचीच्या टीव्ही युनिटवर तो मागे ढकलून ठेवला की झालं असं लोकांना वाटतं. मागे ढकलल्याने एकच होतं, मागची हवा बंद होते.

मग आम्ही सुताराला सांगून शटरवालं बंद कपाट करून घेतलं तर? दिसणारही नाही आणि मुलं हातही लावणार नाहीत.

ही चूक आम्ही केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खालच्या युनिटमध्ये एक कप्पा करून घेतला, पुढे शटर, मागे प्लायची पाठ, वायर जायला दोन इंचाचं भोक. दिसायला फार छान. पहिल्या रविवारी मुलगा आणि मी खेळायला बसलो, चाळीसेक मिनिटांनी पंख्याचा आवाज वाढला, आधी वाटलं छताचा पंखा, मग कळलं की आवाज कपाटातून येतोय, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर "Your PS5 is too hot" असा मेसेज आला. शटर उघडलं तर तोंडावर गरम वाफारा, आतली लाकडी बाजू हाताला चटका बसेल अशी.

कारण साधं आहे. जड गेम चालू असला की पीएस ५ सुमारे दोनशे वॉट वीज घेतो आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पुढच्या बाजूने हवा आत, मागून गरम हवा बाहेर. बंद कप्प्यात मागून निघालेली गरम हवा फिरून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते, म्हणजे पंखा कितीही जोरात फिरला तरी उपयोग शून्य. एका छोट्या कपाटात दोनशे वॉटचा बल्ब लावून शटर लावलं तर काय होईल तेच होतं.

शटर पाहिजेच असेल तर ते जाळीचं किंवा पट्ट्यापट्ट्यांचं घ्या आणि मागची प्लायची पाठ काढूनच टाका, भोक मोठं करून भागत नाही. आणि युनिट किती खोल आहे ते बघा. आपल्याकडे टीव्ही युनिट बारा इंच खोल करायची पद्धत आहे, म्हणजे ३० सेंटीमीटर. स्लिम आडवा ठेवला की तोच २१.६ सेंटीमीटर खोल, मागे भिंतीपर्यंत निदान १० सेंटीमीटर मोकळे हवेत, झाले साडेएकतीस, म्हणजे बारा इंचात मुळात बसतच नाही, आणि एचडीएमआयचा प्लग मागे वाकडा दाबला जातो तो वेगळाच. सुताराला पंधरा इंच सांगा. उंचीलाही कन्सोलच्या वर नुसती चार बोटं सोडून भागवू नका, दहा सेंटीमीटर सोडा.

बरोबर झालंय की नाही हे कळतं कसं? तासभर जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. तो एका पातळीला येऊन तिथेच थांबला तर ठीक, वाढतच गेला तर हवा कोंडतेय.

तुमचा शेवटचा सेटअप मापांसकट सांगा ना.

टीव्ही ५० इंची, भिंतीवर, खालची कड जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर. टीव्हीच्या उजव्या बाजूला २५ सेंटीमीटर सोडून भिंतीवर एक उघडा प्लायचा बॉक्स, आतून ५० सेंटीमीटर रुंद, ३८ खोल, २५ उंच, त्याचा तळ दीड मीटरवर. मागे पाठ नाही, सरळ भिंत. त्यात कन्सोल आडवा, मागे दहा सेंटीमीटर मोकळे, पुढे सहा उरतात. बॉक्स खालून दोन लोखंडी एल ब्रॅकेटवर आहे, नुसत्या स्क्रूवर नाही.

आता केबलचं गणित, कारण यात सगळ्यांचं चुकतं. एचडीएमआय टीव्हीच्या मागच्या पोर्टपासून टीव्हीच्या कडेपर्यंत २०, तिथून बॉक्सपर्यंत २५, वर चढायला ४०, बॉक्सच्या मागून आत यायला १०, बेरीज ९५. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात की कन्सोलबरोबर आलेली साधारण दीड मीटरची केबल भरपूर झाली. पण टीव्हीकडे ३० सेंटीमीटर ढिली पाहिजे नाहीतर टीव्ही पुढे ओढून मागे हात घालता येत नाही, आणि कन्सोलकडे २५ पाहिजे नाहीतर साफ करायला तो बाहेर निघत नाही. झाले १५०, म्हणजे बरोब्बर दीड मीटर, आणि वळणांसाठी काहीच उरलं नाही. आम्ही दोन मीटरची घेतली. स्वतः मोजताना सुतळी घ्या आणि वायर जाईल त्याच रस्त्याने भिंतीवर सुतळी फिरवा, टेपने सरळ रेषेत मोजलं की कमीच भरतं.

उगाच पाच मीटरची पण घेऊ नका. फोर के आणि १२० हर्ट्झ चालवायचं असेल तर अल्ट्रा हाय स्पीड केबल लागते आणि साधी तांब्याची केबल साधारण तीन मीटरपर्यंतच भरवशाची असते, त्यापुढे स्क्रीन मध्येच एखाद सेकंद काळी होणं, ठिपके चमकणं असले प्रकार सुरू होतात.

वायरी भिंतीत कन्सील करू की वरून पट्टी लावू?

घराचं काम चालूच असेल तर कन्सील करा, पण एचडीएमआयसाठी वेगळा पाइप टाका. इलेक्ट्रिशियन सवयीने पाऊण किंवा एक इंची पाइप टाकतो, त्यातून साधी वायर जाते पण एचडीएमआयचं डोकं वीसेक मिलिमीटर रुंद आणि कडक असतं, ते एक इंची पाइपच्या बेंडमध्ये अडकतं आणि मग भिंत फोडायची वेळ येते. दीड ते दोन इंची पाइप, शक्यतो सरळ, वळण असेल तर मोठ्या गोलाईचं, आणि आत एक नायलॉनची दोरी कायम ओढून ठेवायची म्हणजे उद्या केबल बदलायची झाली तर दोरीला बांधून ओढता येते. २३० व्होल्टच्या वायरी त्याच पाइपमधून नाही म्हणजे नाही.

राहतं घर असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात पीव्हीसीची केसिंग पट्टी मिळते ती लावा. मागे चिकटपट्टी असलेली घेतली तरी दर दोन फुटांवर एक स्क्रू मारा, कारण मुलं पट्टीची कड नखाने उचकटत बसतात आणि पावसाळ्यात ती चिकटपट्टी तशीही सुटते. भिंतीला ओल येत असेल, कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या भिंतीला हमखास येते, तर ती भिंत सोडून द्या, कन्सोल दुसऱ्या भिंतीला न्या.

वायर ओढली गेली तर पोर्ट तुटू नये म्हणून काय करता येतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. कन्सोलचं एचडीएमआय पोर्ट आतल्या बोर्डवर सोल्डर केलेलं असतं. केबलला बाजूने झटका बसला की प्लग तरफेसारखा काम करतो आणि पोर्टचे पाय सुटतात. मग नवीन केबल घालून भागत नाही, बोर्ड काढून पोर्ट बदलावं लागतं आणि ते काम हात बसलेल्या माणसाचंच.

उपाय वीस रुपयांचा आहे. पोर्टपासून अर्ध्या फुटावर केबल बॉक्सला किंवा भिंतीला पक्की धरून ठेवायची, स्क्रूवाला छोटा क्लिप नाहीतर वेल्क्रोची पट्टी स्क्रूने मारून, आणि पोर्ट ते क्लिप या टप्प्यात केबल थोडी ढिली ठेवायची. म्हणजे खालून कोणी ओढलं तरी ओढ क्लिपवर येते, पोर्टला कळतही नाही. पॉवरच्या वायरलाही तसंच. केबल बांधायला वेल्क्रो वापरा, प्लास्टिकचे झिप टाय करकचून आवळले की एचडीएमआय आतून चेपते, आणि ते कापताना कात्री केबलला लागते हे मी दोनदा पाहिलंय.

ढिली केबल म्हणजे लोंबती केबल नव्हे. लोंबता लूप मुलाच्या गळ्याच्या उंचीवर कधीच राहू देऊ नका, आणि हॉलमध्ये बाळाचा पाळणा असेल तर तो या भिंतीपासून लांब ठेवा.

एक्सटेन्शन बोर्डवर सगळं चालेल का? लोड जास्त होत नाही ना?

लोडची काळजी इथे उगाच होते. ५० ते ५५ इंची टीव्ही शंभर ते दीडशे वॉट, कन्सोल दोनशे, सेट टॉप बॉक्स, राउटर, साउंडबार मिळून अजून पन्नासएक, म्हणजे सगळं मिळून चारशेच्या आसपास, दोन अँपिअरच्याही आत. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला ते जड नाही. त्याच बोर्डवर इस्त्री किंवा रूम हीटर लावू नका एवढंच.

खरा धोका ढिल्या सॉकेटचा आहे. प्लग घातल्यावर हलतोय, आत चर्र आवाज येतोय, प्लग काढून हात लावला तर पिन गरम लागतेय, असं दिसलं की बोर्ड लगेच बदला. परदेशातून आणलेल्या स्विचचं असंच होतं. तो इथे बहुतेक जण बाहेरून आलेलाच घेतात, त्याच्या अडॅप्टरच्या पिना चपट्या असतात. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, ती अडचण नाही, पण लोक त्याला रस्त्यावरचा दहा रुपयांचा कन्व्हर्टर लावतात आणि तो जड अडॅप्टर त्यात अर्धा बाहेर लटकत राहतो, पिना उघड्या. मुलाचं बोट बरोबर तिथे जातं. घट्ट बसणारा चांगला कन्व्हर्टर घ्या.

बोर्ड जमिनीवर नकोच. आम्ही कन्सोलच्याच बॉक्सच्या बाजूला वर एक सॉकेट काढून घेतला, शटरवाला, म्हणजे प्लगच्या पिना एकदम आत गेल्याशिवाय भोकं उघडत नाहीत. ते शक्य नसेल तर युनिटच्या मागे भिंतीला स्क्रूने बोर्ड मारा. आणि घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मेन बोर्डात बघा, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा, दाबल्यावर ट्रिप झाला पाहिजे, नाही झाला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सॉकेटचं बटण वर नेण्याचा अजून एक फायदा झाला. आधी मुलगी गेम चालू असतानाच बटण बंद करायची, मग पुढच्या वेळी कन्सोल चालू होताना स्टोरेज तपासत बसायचा. अपडेट चालू असताना असं झालं तर जास्त त्रास होतो.

टीव्ही भिंतीवरच पाहिजे का? स्टँडवर चालत नाही का?

लहान मुलं असतील तर भिंतीवरच. टीव्ही पातळ झालेत पण ५५ इंची अजूनही पंधराएक किलोचा भरतो, आणि त्याचे पाय टोकांना असले तरी पुढेमागे पाया जेमतेम वीतभर. मूल युनिटचा खण उघडतं, त्यात पाय ठेवून वर चढतं आणि टीव्हीची कड धरतं. कन्सोल आला की हे वाढतं, कारण आता त्याला त्या भिंतीवर हवं असलेलं काहीतरी असतं.

भिंत कसली आहे ते मात्र आधी ओळखा. ड्रिल मारल्यावर लाल भुकटी आली तर वीट, तिथे नेहमीच्या गिट्ट्या चालतात. ड्रिल पुढे जातच नाही आणि करडी कडक भुकटी येतेय तर आरसीसी, उत्तम, वेळ लागेल पण धरेल. आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, पांढरट हलकी भुकटी आली, तर तो एएसी ब्लॉक म्हणजे ज्याला आपण सायपोरेक्स म्हणतो. नवीन बिल्डिंगमध्ये तो फार. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी पहिल्या दिवशी घट्ट वाटते आणि सहा महिन्यांत हाताने निघते. त्यासाठी एएसीचे वेगळे अँकर मिळतात ते घ्या, आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवूनच भोक पाडा नाहीतर भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं. टीव्हीबरोबर आलेला इन्स्टॉलेशनवाला माणूस घाईत असतो, त्याच्या पिशवीत एकाच प्रकारच्या गिट्ट्या असतात, त्याला थांबवून विचारा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल मारू देऊ नका, वायरी तिथूनच गेलेल्या असतात.

आम्ही भाड्याने राहतो, मालक ड्रिल मारू देत नाही. मग?

मग रुंद, बुटकं आणि जड युनिट घ्या, टीव्हीच्या रुंदीपेक्षा मोठं. टीव्हीच्या पाठीवर वॉलमाउंटसाठी चार भोकं असतात, त्यातल्या वरच्या दोनमध्ये पट्टा अडकवून तो युनिटच्या मागच्या बाजूला स्क्रूने ताणून बांधायचा. याला अँटी टिप स्ट्रॅप म्हणतात, ऑनलाइन मिळतो. बांधल्यावर टीव्हीची वरची कड धरून हलक्या हाताने पुढे ओढून बघा, टीव्ही युनिटपासून सुटायला नको. युनिट तुमचं आहे, त्यात भोक पाडायला मालकाची परवानगी लागत नाही. पण युनिट स्वतः हलकं असेल तर दोन्ही एकत्र पडतील, म्हणून खालच्या कप्प्यात पुस्तकं, जुन्या मासिकांचे गठ्ठे असं जड सामान भरा. खण असतील तर त्यांना चाइल्ड लॉक लावा, म्हणजे पायरी होणार नाही.

कन्सोल मग शेजारच्या उंच पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर जाऊ शकतो, पण कपाट भिंतीला बांधलेलं असेल तरच.

कंट्रोलर कुठे ठेवायचे? आमच्याकडे रोज सोफ्याच्या फटीत सापडतात.

आमच्याकडे दाराजवळच्या किल्ल्यांच्या फळीवर, चार फुटांवर, झाकणाचा एक डबा आहे. मुलगा पाय उंच करून काढू शकतो, मुलगी नाही. खेळून झालं की कंट्रोलर डब्यात, हे मुलाने आठवड्याभरात पकडलं, कारण डबा एकच आणि जागा एकच. सुंदर कंट्रोलर स्टँड टीव्हीशेजारी मांडून ठेवणं चांगलं दिसतं पण ते धाकट्यांना रोजचं आमंत्रण आहे.

चार्जिंग डब्याच्या शेजारी भिंतीतल्या साध्या यूएसबी चार्जरवर, फूटभर वायरने. कन्सोलवरून रेस्ट मोडमधलं चार्जिंग आम्ही बंदच करून टाकलं, म्हणजे ती जमिनीपर्यंतची वायर परत कधी येऊ नये:

```
Settings > System > Power Saving >
Features Available in Rest Mode > Supply Power to USB Ports > Off
```

त्याच Power Saving मध्ये `Set Time Until Controllers Turn Off` आहे, ते दहा मिनिटांवर ठेवा, सोफ्यात हरवलेला कंट्रोलर निदान बॅटरी संपवत बसणार नाही. आणि कंट्रोलरचं मधलं बटण दाबलं की टीव्हीसकट सगळं चालू होतं, पहाटे साडेपाचला धाकटीने ते करून दाखवलं, म्हणून `Settings > System > HDMI` मधलं `Enable HDMI Device Link` बंद केलं. मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पासकोड पण टाका.

धाकट्याला पण कंट्रोलर हवाच असतो, नाही दिला तर रडारड. काय करता?

जुना, न जोडलेला कंट्रोलर त्याच्या हातात द्या, बऱ्याच घरांत हेच चालतं आणि आमच्याकडेही चाललं. पण देताना नीट बघून द्या. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल असतात आणि मागचं झाकण स्क्रूशिवाय नुसतं सरकवून निघतं, सेल काढूनच द्या. स्टिकवर वरून चढवायच्या रबरी टोप्या काढून टाका, त्या नेमक्या घशात अडकायच्या मापाच्या असतात. फुटलेलं प्लास्टिक, दिसणारा स्क्रू असेल तर देऊ नका. आत लिथियम बॅटरी असलेला, फुगलेला किंवा पाण्यात पडलेला जुना कंट्रोलर तर खेळणं म्हणून अजिबात नाही, तो ई-कचऱ्यात.

स्विचचे जॉय-कॉन पन्नासएक ग्रॅमचे, मुलांच्या हातात छान बसतात आणि म्हणूनच उडतात. मनगटाचा पट्टा घातल्याशिवाय हात हलवायचे गेम नाही, आमच्याकडे टीव्हीची काच त्यामुळेच शाबूत आहे. मोठ्याने खेळताना धाकटी मागे उभी राहिली तर कोपर थेट तिच्या तोंडावर येतं, म्हणून ती आमच्यापैकी कोणाच्या तरी मांडीवर असते.

रस सांडला, बटणं चिकट झाली, तर?

कंट्रोलर आधी बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बटणांच्या कडा पुसा, थेट ओतायचं नाही. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, चालू करा. स्टिक न हलवता माणूस स्क्रीनवर आपोआप चालायला लागला तर तो ड्रिफ्ट, आतला भाग झिजल्यामुळेही होतो आणि घाणीनेही, पुसून गेला नाही तर स्टिक बदलावी लागते.

डिस्क आणि स्विचच्या कार्डांचं काय?

डिस्क वर, कन्सोलच्याच बॉक्समध्ये. स्विचची कार्डं नखाएवढी असतात, तोंडात जाऊ नयेत म्हणून निन्टेन्डोने त्यावर मुद्दाम कडू द्रव्य लावलंय, जीभ लावून बघितली तर बराच वेळ चव जात नाही. तरी भरवसा त्यावर ठेवू नका, झिपवाल्या केसमध्ये घाला आणि केस कपाटात.

साफसफाई किती दिवसांनी?

दोन-तीन महिन्यांनी. पीएस ५ च्या बाजूची पांढरी पॅनेल काढली की धूळ गोळा होणारी भोकं दिसतात, बंद करून, प्लग काढून व्हॅक्यूमने तिथून ओढा. आपल्याकडे धुळीइतकाच त्रास झुरळांचा, कन्सोलची ऊब त्यांना फार आवडते. बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यात जेलचे ठिपके लावा, मुलांच्या हाताबाहेर आहेच ते, स्प्रे मात्र कन्सोलजवळ मारू नका.

यातलं सगळ्यात धोक्याचं काय वाटतं तुम्हाला?

टीव्ही पडणं, आणि त्याच्या बरोबरीने बटण सेल. कन्सोलमध्ये नाही, त्याच्या आजूबाजूला. टीव्हीमागे लावायच्या एलईडी पट्टीचा जो चपटा रिमोट येतो ना, काही साउंडबारचे रिमोट पण, त्यात सीआर २०२५ किंवा २०३२ असा नाण्यासारखा सेल असतो आणि त्याचा ट्रे बरेचदा नखाने निघतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर तो तिथे आतून भाजायला लागतो, दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, आणि सुरुवातीला मूल नुसती लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं, लोकांना वाटतं सर्दी आहे.

शंका जरी आली तरी थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं आणि दारातच सांगायचं की बटण सेल गिळला असावा, एक्स-रे काढा. तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट मिळालं तर बरोबर न्या, त्यावरून डॉक्टरांना आकार कळतो.

आमच्या एलईडी पट्टीचा रिमोट मी सेल काढून ठेवून दिला, पट्टीला तारेवरच छोटं बटण आहे त्यावर चालते. बाकी सेलचं पाकीट स्वयंपाकघरात औषधांच्या डब्यात, कुलपात, आणि वापरलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्याच दिवशी घराबाहेर.